अर्जात नसलेल्या तीन वस्तू

आमच्या ह्यांनी चौतीस वर्षं एका सरकारी कचेरीत आवक-जावक सांभाळली. म्हणजे येणाऱ्या पत्रावर शिक्का मारायचा, नंबर घालायचा आणि वहीत चढवायचं. जाणाऱ्या पत्राचंही तेच. निवृत्त होऊन सहा वर्षं झाली, पण अंगातून आवक-जावक काही गेली नाही. घरात दूध संपलं तर मी ओरडून सांगते, आणि हे म्हणतात, "चिठ्ठी लिहून ठेव, नाहीतर लक्षात राहत नाही." बोललेलं त्यांच्या लेखी झालेलंच नसतं. लग्नाला एक्केचाळीस वर्षं झाली. त्यांना जर कोणी विचारलं की तुमचं बायकोवर प्रेम आहे का, तर ते आधी मागचा पत्रव्यवहार तपासतील.

तर असा माणूस बसमध्ये बॅग विसरला.

साधीसुधी बॅग असती तर मी चार टोमणे मारून गप्प बसले असते. पण त्या बॅगेत माझ्या डोळ्यांची फाइल होती. दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू, त्यात उजवा इतका पिकलेला की मला ह्यांचा चेहरा वाफेतून पाहिल्यासारखा दिसायचा. वाचन तर दोन वर्षांपूर्वीच सुटलं होतं. पुढच्या गुरुवारी ऑपरेशन ठरलं होतं. डोळ्यात बसवायच्या भिंगाचं माप, डोळ्याचा दाब, फिजिशियनची परवानगी, सगळं त्या एका फाइलमध्ये. दवाखान्याची पद्धत अशी की फाइल पेशंटकडेच राहते, आणि ऑपरेशनच्या आदल्या दिवशी दुपारी बारापर्यंत ती तिथे जमा करावी लागते. नाही केली तर तारीख रद्द, सगळ्या तपासण्या पहिल्यापासून, आणि डॉक्टर मधल्या काळात परदेशी जाणार असल्याने पुढची तारीख अडीच महिन्यांनी. रिसेप्शनवरच्या मुलीने हे मला फोनवर तीनदा सांगितलं. तिसऱ्यांदा तिचाही आवाज जरा चढला होता.

फिजिशियनची सही आणायला म्हणून हे आदल्या गुरुवारी फाइल घेऊन गेले. तिथून परस्पर पेन्शनरांच्या बैठकीला. दर गुरुवारी दुपारी बैठक असते. तीन महिने चालू आहे. इतक्या बैठकांत संसदेने दोन-चार कायदे केले असते. संध्याकाळी हे घरी आले ते रिकाम्या हाताने, आणि दारातच उभे राहिले.

"बॅग बसमध्ये राहिली," ते म्हणाले.

"फाइल?"

"बॅगेत."

मी खुर्चीत बसले. मला रडू आलं, खोटं कशाला सांगू. दोन वर्षं मी तांदळातले खडे बोटांनी चाचपून काढत होते. आता अजून अडीच महिने.

"तू काळजी करू नकोस," हे म्हणाले, "मी अर्ज करतो."

"अहो, फोन करा की. बसवाल्यांचा नंबर असतो."

"फोनचा पुरावा काय?" असं म्हणून ते टेबलाशी बसले.

अर्जाचे तीन खर्डे झाले. चौथा पक्का. मग मला वाचून दाखवला. विषय, संदर्भ, महोदय, सगळं जागच्या जागी. बसचा नंबर, मार्ग, वेळ, चढल्याचा आणि उतरल्याचा थांबा, सगळं तिकिटावरून उतरवून घेतलं होतं. तिकीट तेवढं खिशात राहिलं होतं, कारण हे तिकीट कधी टाकत नाहीत. बॅगेचं वर्णन, काळी, रेक्झिनची, एका पट्ट्याला तपकिरी दोऱ्याची शिवण. आतील वस्तू: एक, नेत्र रुग्णालयाची फाइल. दोन, छत्री. तीन, चष्म्याचं घर. चार, त्या दिवशीचं वर्तमानपत्र, शब्दकोडं सोडवलेलं.

"तरी सदर बॅगेचा कसून शोध घेऊन त्याबाबतचे उत्तर लेखी स्वरूपात मिळावे, ही विनंती," त्यांनी शेवट वाचला आणि चष्मा काढला. अर्ज चांगला झाला की हे चष्मा काढतात.

"फोन नंबर घातलात?"

"पत्ता घातलाय की."

शुक्रवारी सकाळी हे स्वतः परिवहनच्या मुख्य कचेरीत गेले, पहिल्या मजल्यावरच्या आवक खिडकीत अर्ज दिला, दुसऱ्या प्रतीवर पोच म्हणून शिक्का घेतला आणि मुलगा पहिल्या नंबराने पास झाल्यासारखे घरी आले. शिक्का कसा स्वच्छ उठलाय, तारीख कशी सरळ आलीय, हे मला बोट फिरवून दाखवलं. मला तो निळा डाग दिसला फक्त.

शनिवार गेला. रविवारी कचेरी बंद. सोमवारी हे दुपारभर टपालवाल्याची वाट पाहत गॅलरीत बसले.

"अहो, जाऊन विचारा ना. परवा फाइल द्यायचीय."

"अर्ज प्रक्रियेत असताना आपण मध्ये जाऊन विचारलं तर त्यांना वाटतं आपला विश्वास नाही. मी त्या खुर्चीत बसलोय, मला माहिताय."

माझं डोकं सणकलं. मंगळवारी सकाळी मी म्हणाले, बहिणीकडे जाऊन येते, आणि पर्स उचलून निघाले. बसचे आकडे दिसत नव्हते. थांब्यावरच्या प्रत्येकाला विचारत, एकदा चुकीच्या बसमध्ये चढून, उतरून, शेवटी पोचले. दारावरच्या पहारेकऱ्याला म्हटलं, "बसमध्ये हरवलेली बॅग शोधायचीय."

"मग वर कशाला? ते काय खाली, जिन्यामागे. हरवलेल्या वस्तूंचा कक्ष."

म्हणजे आमच्या ह्यांनी ज्या जिन्याने वर जाऊन अर्ज दिला, त्याच जिन्याच्या मागे तो कक्ष होता. येता-जाता बारा पावलं. पण तिथे कोणी शिक्का मारून पोच देत नाही, मग तिकडे कोण बघतो.

आत लांबच लांब लोखंडी मांडण्या. त्यावर छत्र्या जुडी बांधून उभ्या, डबे, हेल्मेटं, एक कुबडी, एक बासरीसारखं काहीतरी. प्रत्येकाला दोऱ्याने पुठ्ठ्याची चिठ्ठी बांधलेली. काउंटरमागे माझ्याहून दहा-बारा वर्षांनी लहान एक बाई बसली होती. तिचा आवाज शाळेतल्या मुख्याध्यापिकेचा होता, आणि चेहरा मला धुक्यात दिसत होता.

मी तिला सगळं सांगितलं. तिने कागद चाळले.

"अच्छा," ती म्हणाली. "तुम्ही त्या अर्जवाल्यांच्या मिसेस का?"

"म्हणजे?"

"काही नाही. इथे रोज चाळीस माणसं येतात, म्हणतात, बाई, काळी पिशवी हो, बघा ना. असा अर्ज मी बावीस वर्षांत पाहिला नव्हता. आमच्या साहेबांनी तो नमुना म्हणून काढून ठेवायला सांगितलाय."

हे ऐकून ह्यांची छाती किती फुगली असती, या विचाराने मला जरा चीडच आली.

"बॅग मिळालीय का ते सांगा."

"मिळालीय. त्याच दिवशी. शेवटच्या थांब्यावर कंडक्टर गाडी रिकामी झाली की सीटखाली बघतो. त्याने ती डेपोच्या कंट्रोलरकडे दिली, दोघांसमोर आतल्या वस्तूंची यादी झाली, दुसऱ्या दिवशी इथे आली. ती काय, मागे तिसऱ्या मांडणीवर."

माझ्या जिवात जीव आला. मी ओळखपत्र काढून काउंटरवर ठेवलं. "द्या मग. फाइलवर माझंच नाव आहे."

"आहे ना. पण मला देता येत नाही."

"का?"

तिने अर्ज उचलला आणि वाचला. "'सदर बॅग अर्जदाराखेरीज अन्य कोणाही व्यक्तीस, नातेवाइकांसह, कोणत्याही परिस्थितीत देण्यात येऊ नये. दूरध्वनीवरून दिलेले उत्तर ग्राह्य धरले जाणार नाही.' खाली दोनदा रेघ मारलीय."

हे वाक्य मला वाचून दाखवलं नव्हतं. नातेवाइकांसह. एक्केचाळीस वर्षांनी मी नातेवाइकांत जमा झाले होते.

"आणि दुसरी अडचण," बाई जरा हळू आवाजात म्हणाली. "बॅग कोणाची हे ठरवायला आम्ही आतल्या वस्तू विचारतो. अर्जात चार आहेत. चारही बॅगेत आहेत. पण बॅगेत अजून तीन आहेत, त्या अर्जात नाहीत. एवढा बारकाईने लिहिणारा माणूस शब्दकोड्याची नोंद करतो आणि तीन वस्तू विसरतो, हे आम्हाला पटेना. म्हणून आम्ही कालच उत्तर पाठवलं, समक्ष येऊन यादी पूर्ण करावी. फोन चालणार नाही म्हणाले ना, म्हणून टपालाने."

"कुठल्या तीन?"

"ते मी सांगितलं तर मग विचारण्यात काय अर्थ? तुम्ही सांगा. तुम्हाला माहीत असेलच."

मी सांगायला लागले. शेंगदाण्यांची पुडी? नाही. गुडघ्याचा पट्टा? नाही. आवक-जावकचा जुना शिक्का, तो ह्यांनी आठवण म्हणून मागून घेतला होता? नाही. औषधं? बाईने मान हलवली. मिठाई, जी डॉक्टरांनी बंद केलीय? नाही. दहा-बारा वस्तू झाल्या. माझ्या मागे एक माणूस छत्री न्यायला उभा होता, तो आता कोडं सोडवायला मिळाल्यासारखा पुढे सरकून ऐकत होता.

मग मला हसू येईना. मी सांगितलेल्या सगळ्या वस्तू त्यांच्या खऱ्याच होत्या, पण बॅगेत होत्या त्या मला माहीत नव्हत्या. तीन महिने दर गुरुवारी. बैठकीत काय झालं विचारलं की "नेहमीचंच" म्हणायचे. एकदा बोटाला पट्टी बांधून आले, म्हणाले स्टेपलर लागला. एकदा शर्टाला धुराचा वास. दुसरी बाई वगैरे नाही, तेवढा उत्साह त्यांच्यात नाही. मला वाटलं दुखणं. कुठेतरी जाऊन शेक घेत असतील, काही तपासण्या, आणि माझं ऑपरेशन आहे म्हणून सांगत नसतील. मी काउंटरला धरून उभी राहिले आणि ह्यांना फोन लावला.

"तुम्ही आत्ताच्या आत्ता परिवहनच्या कचेरीत या. जिन्यामागे."

"तू तिथे काय करतेस? तू तर बहिणीकडे—"

"तुम्ही तर बैठकीला."

मग ते म्हणाले, "टपाल यायची वेळ झालीय, तेवढं घेऊन निघतो."

आले. हातात परिवहनचं पाकीट, नुकतंच फोडलेलं. म्हणजे उत्तर मिळालं होतं, लेखी. पण चेहऱ्यावर त्याचा आनंद असावा असं वाटलं नाही. मला चेहरा दिसत नव्हता, पण ते खाकरत होते, आणि हे खाकरतात ते फक्त साहेबांसमोर.

"सांगा," बाई म्हणाली. "अर्जाबाहेरच्या तीन वस्तू."

"लेखी दिलं तर चालेल?" ह्यांनी विचारलं.

तिने फॉर्म पुढे केला. ह्यांनी माझ्याकडे पाठ केली आणि डाव्या हाताचा आडोसा करून लिहिलं, शाळेत शेजारचा बघेल म्हणून करतात तसा. मला दिसत नाही हे माहीत असून. फॉर्म दिला आणि हळूच म्हणाले, "मनात वाचा."

"मनात वाचता येत नाही, काका. नियम आहे. मी मोठ्याने वाचणार, सहकारी बॅगेतली वस्तू काढून दाखवणार, मग खूण करणार." तिने मागे हाक मारली. एक कर्मचारी बॅग घेऊन आला. "पाच. एप्रन, एक, फुलाफुलांचा, खिशावर डाग."

कर्मचाऱ्याने काहीतरी रंगीत झटकून धरलं.

"सहा. स्टीलचा डबा, एक, आत भात." ती थांबली. "डबा आहे. भात नाशवंत म्हणून त्याच दिवशी टाकून दिला. आमच्या यादीत 'करपलेला' असं लिहिलंय, तुम्ही ते लिहिलं नाही."

"तळाशी थोडासा लागला होता," हे म्हणाले.

"सात. वही, एक, दोनशे पानी. काका, वह्या सगळ्या सारख्याच असतात. आत काय लिहिलंय ते एखादं वाक्य सांगावं लागेल."

हे हातातल्या पाकिटाची घडी घालत राहिले. छत्रीवाला म्हणाला, "सांगून टाका हो, मला बस पकडायचीय."

"पहिलं पान," हे म्हणाले. त्यांनी ते पाठ म्हटलं, खाली बघत, आवक-जावकच्या आवाजात. "'ऑपरेशननंतर रुग्णाने पंधरा दिवस शेगडीजवळ जाऊ नये, वाफ घेऊ नये, वाकू नये. घरात दुसऱ्या कोणाला स्वयंपाक येत नाही. सबब शिकणे आवश्यक. वर्ग दर गुरुवारी, दुपारी तीन.'"

बाईने वही उघडून बघितली. "बरोबर. अजून एक सांगा, मधलं कुठलंही."

"'मीठ चवीपुरते असे बाई सांगतात. चवीपुरते म्हणजे किती, हे विचारले असता वर्ग हसला. घरी विचारता येत नाही, कळून जाईल.'"

इतका वेळ मी ह्यांना मनातल्या मनात दवाखान्यात भरती करून आले होते. रागही आला, तीन महिने मला थापा मारल्या म्हणून, आणि बरंही वाटलं. ज्या माणसाला चहाचं पातेलं कुठे असतं ते एक्केचाळीस वर्षं विचारावं लागलं, तो एप्रन घालून वर्गभर पोरापोरींमध्ये उभा राहत होता.

"सांगायला काय झालं होतं?" मी म्हणाले.

"जमलं नसतं तर?" हे म्हणाले. "जमल्यावर कळवणार होतो."

"आणि ते नातेवाइकांसह?"

"तुझ्या हातात बॅग पडू नये म्हणून. मला वाटलं, दोन दिवसांत उत्तर येईल."

"तुमच्या त्या उत्तरापायी माझी तारीख जात होती."

"चूक झाली," ते म्हणाले. हे त्यांनी तोंडी कबूल केलं. छत्रीवाला साक्षीला आहे.

बाईने सातही वस्तूंपुढे खुणा केल्या, ह्यांची सही घेतली, तिकीट पाहिलं आणि बॅग दिली. मग ह्यांना म्हणाली, "काका, मीठ आधी कमीच घालायचं. नंतर वाढवता येतं, काढता येत नाही." हे खिशातून पेन काढून लिहायला लागले, तेव्हा मी त्यांना दंडाला धरून बाहेर काढलं. तिथून सरळ दवाखान्यात गेलो. बुधवारची मुदत, मंगळवारीच फाइल दिली. ह्यांनी पोच मागितली. या वेळी मी काही बोलले नाही.

गुरुवारी ऑपरेशन झालं. दुसऱ्या दिवशी पट्टी काढली तेव्हा समोर हे उभे होते. दोन वर्षांत बरेच म्हातारे झाले होते, मला कोणी कळवलंच नव्हतं. मी बघतच राहिले. त्यांनी विचारलं, "दिसतंय का?" आणि मी म्हणाले, "उजव्या कानाशी दाढीचे केस राहिलेत."

मग सुरू झालं ह्यांचं राज्य. मला स्वयंपाकघराच्या उंबऱ्यावर खुर्ची, काळा चष्मा, आत पाऊल टाकायची बंदी. आत हे आणि ती वही. पहिल्या दिवशी भाजी कच्ची, दुसऱ्या दिवशी सूप म्हणून गरम पाणी. मी खुर्चीतून सूचना करायला लागले की हे म्हणायचे, "वर्गात असं सांगितलेलं नाही." तिसऱ्या दिवशी गॅस मोठा राहिला आणि शेजारीण वास आला म्हणून धावत आली. मी सगळं खाल्लं. भूक होती म्हणून नव्हे. ताट वाढून ते समोर बसायचे, आणि मी पहिला घास घेईपर्यंत स्वतः जेवायचे नाहीत.

"कसं झालंय?" ते रोज विचारायचे.

"बरं झालंय," मी म्हणायचे. त्यांचं समाधान व्हायचं नाही, ते मला दिसत होतं. आता दिसत होतं ना.

दहाव्या दिवशी डॉक्टरांनी थोडं वाचायला परवानगी दिली. दुपारी हे झोपले होते. मी वही घेतली आणि खिडकीशी बसले. ह्यांचं अक्षर, बारीक, सरळ, ओळ न सोडणारं, दोन वर्षांनी स्वच्छ दिसलं. प्रत्येक पदार्थाला नंबर, तारीख, काय चुकलं त्याची नोंद. मधे एक पान होतं, त्याला नंबर नव्हता. "वाटाणे तिला आवडत नाहीत. मला आवडतात म्हणून करते. हे आज लक्षात आले. वर्गात वाटाण्याचा पदार्थ शिकवला, तो उतरवून घेतलेला नाही."

मी ते कधी बोलले नव्हते. त्यांनी कधी विचारलं नव्हतं. ताटात मी वाटाणे कडेला सारते, एवढंच. माझे डोळे भरून आले, आणि डॉक्टरांनी रडायला मनाई केली होती म्हणून मी छताकडे बघत बसले.

मग ह्यांचंच पेन घेतलं आणि शेवटच्या नोंदीखाली लिहिलं. दोन वर्षांनी लिहीत होते, अक्षर तिरकं गेलं.

"आपला भात मिळाला. मीठ कमी आहे, पण चालेल. रस्सा चांगला होता. पंधरा दिवस संपल्यावरही दर गुरुवारचा स्वयंपाक आपल्याकडेच ठेवावा, ही विनंती. वाटाण्यांबाबतची नोंद वाचली."

चार वाजता हे उठले. वही उघडी दिसली तसे उभ्या उभ्याच वाचायला लागले. एकदा वाचलं. बसले. पुन्हा वाचलं. मग चष्मा काढला आणि बराच वेळ पुसत राहिले.

"तारीख नाही घातलीस," ते म्हणाले.

मी पुन्हा पेन घेतलं आणि तारीख घातली.